लहान मुलाच्या कानाच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध: वजनावरून मात्रा कशी पडताळावी आणि सिरिंजमध्ये अचूक कशी मोजावी

एक ते तीन वर्षांच्या मुलाला मध्यकर्णाचा संसर्ग झाला की डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध लिहून देतात. औषध बरोबर असते आणि चिठ्ठीही बहुतेक वेळा बरोबर असते, परंतु मुलाच्या पोटात प्रत्यक्षात जाणारी मात्रा अनेकदा चुकलेली असते. ही चूक साधारण तीन ठिकाणी होते: मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत होते, बाटलीत पाणी घालताना प्रमाण बिघडते, किंवा सिरिंजवरची खूण चुकीच्या जागी वाचली जाते. प्रत्येक टप्प्यावर थांबून पडताळणी करता यावी, अशा क्रमाने पुढील कृती मांडली आहे.

हे औषध कधी सुरू करायचे हे मुलाचा कान तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. ताप आणि कानाचा ठणका असला म्हणजे प्रत्येक वेळी प्रतिजैविक लागतेच असे नाही, कारण सौम्य संसर्गात काही मुलांना दोन-तीन दिवस केवळ वेदनाशामक देऊन निरीक्षणाखाली ठेवले जाते. म्हणून खालील गणित डॉक्टरांनी दिलेली मात्रा पडताळण्यासाठी आहे. मागच्या वेळची उरलेली बाटली काढून स्वतःच उपचार सुरू करण्यासाठी त्याचा उपयोग करू नये.

सावधान: मुलाला पूर्वी पेनिसिलिन गटातील कोणत्याही औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, चेहरा सुजला असेल किंवा श्वास लागला असेल, तर पहिला थेंब देण्यापूर्वीच ते डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा गेल्या महिन्याभरात हेच औषध दिले गेले असेल, तर तेही सांगा. या माहितीने मात्रा किंवा औषधच बदलू शकते.

## १. आजचे वजन, किलोग्रॅममध्ये

मात्रा वजनावर ठरते आणि या वयात वजन काही महिन्यांतच बदलते. त्यामुळे जुन्या कागदावरचा आकडा वापरू नये. दवाखान्यात त्याच दिवशी केलेले वजन सर्वांत विश्वासार्ह असते. घरी करायचे असल्यास मुलाला कमीत कमी कपड्यांत कडेवर घेऊन मोठ्या माणसाने काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि दोन्ही आकड्यांतील फरक काढावा. अशा मोजणीत अर्ध्या किलोची चूक झाली, तरी अकरा किलोच्या मुलात ती पाच टक्क्यांहून कमीच असते आणि तेवढ्याने उपचार बिघडत नाही.

उपचार बिघडतो तो एकक चुकल्यावर. काही काटे पौंडात वजन दाखवतात. अकरा किलोचे मूल पौंडात सुमारे २४ भरते, आणि हे २४ किलो समजून हिशेब केला तर मात्रा दुपटीहून अधिक होते. काट्यावरील एकक वाचल्याशिवाय आकडा लिहू नये, आणि आकड्यापुढे ‘किलो’ हा शब्द न चुकता लिहावा.

## २. दिवसाची मात्रा आणि एका वेळची मात्रा

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. दीड वर्षांची मुलगी आहे, वजन ११ किलो आहे. डॉक्टरांनी लिहिले आहे: ६ मिलिलिटर, दिवसातून दोन वेळा, १० दिवस. बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम’ असे छापले आहे.

मध्यकर्णाच्या संसर्गासाठी सध्या अनेक ठिकाणी वापरली जाणारी अधिक मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम अशी असते आणि ती दोन वेळांत विभागली जाते. कानाच्या पडद्यामागे साचलेल्या द्रवात औषध पुरेशा प्रमाणात पोहोचावे, आणि पेनिसिलिनला काही अंशी दाद न देणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूंवरही त्याचा परिणाम व्हावा, हा या मोठ्या आकड्यामागचा हेतू आहे. काही डॉक्टर परिस्थिती पाहून ४० ते ५० मिलिग्रॅमची मात्रा देतात, तर काही देशांत वयोगटानुसार ठरलेली मात्रा दिवसातून तीन वेळा दिली जाते. त्यामुळे आपल्या पडताळणीचे उत्तर ८० ते ९० मध्ये आले नाही म्हणून चिठ्ठी चुकीची ठरत नाही. मात्र ते ४० पेक्षा कमी किंवा ९० पेक्षा बरेच जास्त आले, तर औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला जरूर विचारावे.

आपल्या उदाहरणाचा हिशेब असा होतो:

- दिवसाची किमान मात्रा: ११ × ८० = ८८० मिलिग्रॅम
- दिवसाची कमाल मात्रा: ११ × ९० = ९९० मिलिग्रॅम
- दोन वेळांत विभागल्यावर एका वेळची मात्रा: ४४० ते ४९५ मिलिग्रॅम

येथे सर्वाधिक वेळा होणारी चूक: ८० ते ९० हा आकडा पूर्ण दिवसाचा आहे, पण तो एका वेळचा समजला जातो आणि भागाकार करायचा राहून जातो. तसे झाले तर या मुलीला दिवसात जेवढे औषध मिळायला हवे तेवढे प्रत्येक वेळी मिळेल. गणित करताना ‘दिवसाला’ हा शब्द कागदावर लिहावा, आणि दोनने की तीनने भागायचे हे चिठ्ठीत दिलेल्या वेळा पाहून ठरवावे.

## ३. मिलिग्रॅमवरून मिलिलिटर

मिलिग्रॅम म्हणजे औषधाचे वजन आणि मिलिलिटर म्हणजे ते ज्या द्रवात आहे त्याचे आकारमान. या दोहोंना जोडणारा आकडा बाटलीवर छापलेला असतो. अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५, २००, २५० किंवा ४०० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते. म्हणून ‘सहा मिलिलिटर द्या’ या वाक्याला बाटलीवाचून काहीच अर्थ नसतो. मला विचाराल तर या संपूर्ण लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती हीच आहे.

प्रथम एका मिलिलिटरमध्ये किती औषध आहे ते काढावे: ४०० ÷ ५ = ८० मिलिग्रॅम. मग एका वेळची मात्रा या आकड्याने भागावी. ४४० ÷ ८० = ५.५ आणि ४९५ ÷ ८० = सुमारे ६.२. म्हणजे ५.५ ते ६.२ मिलिलिटर ही योग्य कक्षा झाली आणि चिठ्ठीतील ६ मिलिलिटर तिच्यात बसते.

उलट पडताळणी: आता शेवटाकडून सुरुवातीकडे या. ६ × ८० = ४८० मिलिग्रॅम एका वेळी, दोन वेळा म्हणजे दिवसाला ९६०, आणि ९६० ÷ ११ = सुमारे ८७. आकडा जुळला. सुलट गणितात झालेली चूक तेच गणित पुन्हा केल्याने बहुधा सापडत नाही, कारण माणूस त्याच वळणावर पुन्हा चुकतो. उलट दिशेने केलेल्या हिशेबात ती लगेच उघडी पडते.

या टप्प्यावर दोन गफलती होतात. पहिलीत ‘५ मिलिलिटरमध्ये ४००’ हे ‘१ मिलिलिटरमध्ये ४००’ असे वाचले जाते. मग ४८० ÷ ४०० करून १.२ मिलिलिटर असे उत्तर येते आणि मुलीला हव्या त्या मात्रेचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो. ताप उतरत नाही आणि दोष औषधाला दिला जातो.

दुसरी गफलत दुसऱ्या बाटलीच्या वेळी होते. दहा दिवसांना ६ × २ × १० = १२० मिलिलिटर औषध लागते, म्हणजे शंभर मिलिलिटरची एक बाटली पुरत नाही. दुसरी बाटली आणताना तीच तीव्रता उपलब्ध नसली आणि ‘५ मिलिलिटरमध्ये २५०’ अशी बाटली हाती आली, तर एका मिलिलिटरमध्ये केवळ ५० मिलिग्रॅम औषध असते. सवयीने ६ मिलिलिटरच दिले, तर एका वेळी ३०० मिलिग्रॅम जातात आणि दिवसाची मात्रा किलोमागे ८७ वरून सुमारे ५५ वर घसरते. या बाटलीतून तेवढेच औषध देण्यासाठी सुमारे ९.६ मिलिलिटर लागतात. याच्या उलट, सौम्य बाटलीसाठी ठरलेले ९.६ मिलिलिटर चुकून तीव्र बाटलीतून दिले, तर एका वेळी ७६८ मिलिग्रॅम जातात. बाटली बदलली की गणित पुन्हा करावे, आणि नवा आकडा औषधविक्रेत्याकडून बाटलीवर लिहून घ्यावा.

## ४. पूड आणि पाणी

हे औषध कोरड्या पुडीच्या रूपात येते आणि वापरण्यापूर्वी त्यात पाणी घालावे लागते. औषधविक्रेता ते काम करून देत असेल तर त्याच्याकडूनच करून घेणे सर्वांत चांगले. घरी करायचे असल्यास पुढील क्रम मोडू नये.

(१) बाटली बंद असतानाच हातावर हलके आपटून तळाशी बसलेली पूड मोकळी करावी. (२) बाटलीवरची सूचना वाचावी. काही बाटल्यांवर पाण्याचे माप दिलेले असते, तर काहींवर पाणी कुठवर भरायचे त्याची रेष असते. (३) उकळून पूर्ण थंड केलेले पाणी आधी अर्ध्याहून थोडे अधिक घालावे आणि झाकण लावून जोरात हलवावे. (४) फेस खाली बसेपर्यंत थांबावे. (५) उरलेले पाणी मापाने किंवा रेषेपर्यंत घालून पुन्हा हलवावे. (६) तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहावी.

यात दोन चुका नेहमी दिसतात. पहिली म्हणजे शंभर मिलिलिटरच्या बाटलीत शंभर मिलिलिटर पाणी ओतणे. पूड स्वतः जागा व्यापत असल्यामुळे पाणी शंभराहून कमीच लागते. शंभर हे तयार झालेल्या औषधाचे आकारमान असते. दुसरी म्हणजे फेसालाच पातळी समजून पाणी घालणे थांबवणे. फेस विरल्यावर द्रव रेषेच्या खाली दिसतो, म्हणजे औषध ठरलेल्यापेक्षा तीव्र झालेले असते.

पडताळणी: बाटली उलटी करून उजेडात तळ पाहा. तळाशी किंवा कोपऱ्यात कोरडा गोळा चिकटलेला दिसला, तर औषध अजून तयार झालेले नाही.

तयार औषध कुठे ठेवायचे आणि किती दिवस वापरायचे हे त्याच बाटलीवर छापलेले असते. काही उत्पादने सात दिवस, तर काही चौदा दिवस टिकतात. सात दिवसांची बाटली असेल आणि उपचार दहा दिवसांचा असेल, तर दुसऱ्या बाटलीतली पूड गरज पडेपर्यंत कोरडीच ठेवावी. औषध फ्रीजमध्ये ठेवल्यास ते बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

## ५. प्रत्येक वेळी हलवणे

अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध साखरेच्या पाकासारखे एकजीव नसते. औषधाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात आणि बाटली उभी ठेवली की हळूहळू खाली बसतात. न हलवता वरचे औषध घेतले, तर पहिले काही दिवस मुलाला पातळ मात्रा मिळते आणि शेवटच्या दिवसांत तळाची दाट मात्रा मिळते. सिरिंजवरचा आकडा दर वेळी अचूक सहा असतो आणि तरीही औषध चुकीचेच दिलेले असते. म्हणून प्रत्येक मात्रेआधी बाटली चांगली हलवावी, आणि लगेच, कण खाली बसण्यापूर्वीच, सिरिंज भरावी.

## ६. योग्य सिरिंज निवडणे

घरातला चमचा वापरू नये, कारण चमच्यांचे आकार सारखे नसतात. बाटलीसोबतचा झाकणवजा पेलाही लहान मात्रेसाठी बरा नाही. त्याचा तळ रुंद असल्यामुळे पातळीत किंचित फरक पडला तरी मात्रेत बराच फरक पडतो. तोंडाने औषध देण्यासाठी बनवलेली, मिलिलिटरच्या खुणांची सिरिंज घ्यावी. सुई लावायची सिरिंज टाळावी, आणि इन्शुलिनची सिरिंज तर मुळीच वापरू नये, कारण तिच्यावरचे आकडे मिलिलिटरचे नसून इन्शुलिनच्या एककांचे असतात.

सहा मिलिलिटरसाठी दहा मिलिलिटरची सिरिंज सोयीची पडते. पाच मिलिलिटरचीच असेल तर तीन आणि तीन असे दोनदा भरावे. मला हे पाच आणि एक यापेक्षा बरे वाटते, कारण दोन्ही वेळा खूण एकच राहते आणि दुसरा भाग राहून गेला तर ते चटकन लक्षात येते.

खुणांची तपासणी: दोन छापील आकड्यांमध्ये किती भाग आहेत ते मोजा. १ आणि २ यांच्यामध्ये पाच भाग असतील, तर प्रत्येक बारीक रेष ०.२ मिलिलिटरची असते. दहा भाग असतील तर ती ०.१ ची असते, आणि दोनच भाग असतील तर ०.५ ची. प्रत्येक रेष ०.१ चीच असे गृहीत धरणारा माणूस ५.४ मोजायला जातो आणि ५.८ भरतो. नवी सिरिंज आणली की ही मोजणी एकदा करावी आणि बारीक रेष किती मिलिलिटरची आहे ते कागदावर लिहून बाटलीला चिकटवावे.

## ७. औषध भरणे आणि वाचणे

(१) सिरिंजच्या टोकावर छोटे टोपण असेल तर ते काढून लगेच टाकून द्यावे. ते मुलाच्या घशात अडकू शकते. (२) दट्ट्या पूर्ण आत ढकलावा. (३) बाटलीच्या तोंडाला बसणारा अडॅप्टर असेल तर त्यात टोक घट्ट बसवून बाटली उलटी करावी. नसेल तर थोडे औषध स्वच्छ वाटीत ओतून त्यातून ओढावे, आणि वाटीत उरलेले औषध बाटलीत परत टाकू नये. (४) दट्ट्या हळू ओढून खुणेच्या थोडे पुढे न्यावा. (५) टोक वर करून नळीवर टिचकी मारावी, म्हणजे बुडबुडे वर येतात. मग दट्ट्या हळू दाबून हवा आणि जादा औषध बाहेर काढत खुणेवर थांबावे.

मोठा बुडबुडा राहिला तर तो औषधाची जागा घेतो. सहाच्या खुणेपर्यंत भरलेल्या सिरिंजमध्ये अर्ध्या मिलिलिटरची हवा असेल, तर औषध साडेपाचच मिलिलिटर असते. टाचणीच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची चिंता करू नये. सिरिंजच्या टोकातला थेंबही पिळून काढायचा नसतो, कारण खुणा तो थेंब वगळूनच आखलेल्या असतात.

आता वाचनाकडे येऊ. दट्ट्याच्या रबराला नळीच्या भिंतीला घट्ट टेकणाऱ्या दोन गोल कडा असतात, एक टोकाकडे आणि एक हाताकडे. मात्रा टोकाकडच्या कडेवर वाचायची असते. हाताकडची कडा सहावर आणून ठेवली, तर औषध सहापेक्षा कमी भरते, कारण रबराची लांबीही मापात धरली जाते. रबराचे टोक शंकूसारखे असेल, तर शंकूचा शेंडा पाहायचा नसून नळीला टेकणारी पहिली गोल कडा पाहायची असते. सिरिंज डोळ्यांच्या उंचीवर सरळ धरावी. ती खाली ठेवून वरून पाहिली तर रेष सरकल्यासारखी दिसते.

देण्यापूर्वीची शेवटची तपासणी: घरातील दुसऱ्या माणसाला चिठ्ठी आणि सिरिंज दाखवा, पण आकडा आधी सांगू नका. त्याने स्वतः वाचून ‘सहा मिलिलिटर’ म्हटले पाहिजे. ‘सहाच आहे ना?’ असा प्रश्न केला तर बहुतेकजण न पाहता होकार देतात.

## ८. मुलाला देणे

मुलाला मांडीवर सरळ बसवावे, आडवे झोपवून देऊ नये. सिरिंजचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवावे आणि थोडे थोडे औषध सोडावे. प्रत्येक वेळी मूल गिळेपर्यंत थांबावे. घशाच्या मागच्या बाजूला एकदम पिचकारी मारल्यास ठसका लागतो आणि औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. पोट भरलेले आहे की रिकामे याने फरक पडत नाही. दुधात मिसळायचे झाल्यास दोन घोटांत संपेल एवढ्याच दुधात मिसळावे, कारण भरलेली बाटली मुलाने अर्धी सोडली तर किती औषध पोटात गेले हे कळायला मार्ग राहत नाही.

दिलेली वेळ लगेच कागदावर लिहावी. आईने दिले आहे हे माहीत नसल्यामुळे बाबांनी किंवा आजीने पुन्हा देणे, हे दुप्पट मात्रेचे सर्वांत साधे कारण आहे.

## ९. चुकल्यास काय करावे

एखादी वेळ राहून गेल्यास आठवताच द्यावी. मात्र पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली मात्रा सोडून द्यावी आणि दोन मात्रा एकत्र देऊ नये. दिल्यानंतर साधारण अर्ध्या तासाच्या आत मोठी उलटी झाली, तर मात्रा पुन्हा द्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारावे. नुसते थोडे औषध ओघळले असेल तर अंदाजाने भर घालू नये.

चुकून एकदा दुप्पट मात्रा गेली, तर निरोगी मुलात बहुधा मळमळ, उलटी किंवा जुलाब एवढेच होते. तरीही डॉक्टरांना किंवा विषबाधा-सल्ला केंद्राला फोन करून तीन आकडे सांगावे: मुलाचे वजन, बाटलीची तीव्रता आणि प्रत्यक्षात दिलेले मिलिलिटर. मूत्रपिंडाचा विकार असेल, चूक अनेक वेळा झाली असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर मुलाला तपासून घ्यावे.

ओठ-चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे किंवा श्वास लागणे यांपैकी काहीही दिसल्यास औषध थांबवून तात्काळ रुग्णालय गाठावे.

योग्य मात्रा योग्य रीतीने जात असेल तर ४८ ते ७२ तासांत ठणका आणि ताप कमी व्हायला हवेत. तसे झाले नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जाताना औषधाची बाटली, सिरिंज आणि वेळांची नोंद सोबत न्यावी, आणि आपण औषध कसे मोजतो ते त्यांच्यासमोर एकदा भरून दाखवावे. जिवाणू औषधाला दाद देत नाहीत की मात्राच कमी पडत होती, हे ठरवायला डॉक्टरांना त्याची मदत होते. उलटपक्षी तिसऱ्याच दिवशी मूल खेळू लागले, तरी औषध सांगितलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत द्यावे. दोन वर्षांखालील मुलांना ते साधारण दहा दिवस दिले जाते आणि त्याहून मोठ्यांना अनेकदा कमी दिवस पुरतात. त्यानंतर बाटलीत उरलेले औषध औषधविक्रेत्याकडे विल्हेवाटीसाठी द्यावे.